पिंजराची भिंत

आमच्या जुन्या घरातली मधली भिंत कुडाची होती. काठ्या उभ्या रोवून त्यांवर माती लिंपलेली. पलीकडं कुणी कूस बदलली तरी अलीकडं कळायचं. त्या भिंतीच्या पलीकडं माझे थोरले दीर, अण्णा, आपल्या बायकोला मारायचे. अहो-जाहो करते ती सवयीनं. त्या माणसाची लायकी अरे-तुरेचीही नव्हती. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, पहिल्या एक-दोन फटक्यांना ओरडायची, मग गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं मला जास्त झोंबायचं. सकाळी ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची. तोंडावरचा वळ पदराआड जायचा आणि कुणी काही विचारायचं नाही.

आमचे हे हुबळीला कापसाच्या प्रेसमध्ये होते. मोकळ्या रुईच्या दाबून गाठी बांधायचं काम. आमचं गाव अळणावरच्या अंगाला, भाताचं. आठवड्याची सुट्टी मिळाली की हे रेल्वेनं यायचे. ते घरी असले की अण्णांचा हात जरा आखडता असायचा, नसले की मोकळा. बैलावर, बायकोवर, गड्यावर, जे पुढं येईल त्यावर. एकदा माझी लेक त्यांच्या ताटात पाय देऊन पळाली. दोन वर्षांचं पोर ते. तिच्या गालावर चार बोटं उठली. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या भिंतीआड माझी पोरगी वाढवायची नाही.

पण वेगळं राहायचं तर घर पाहिजे, आणि ते दिवस लढाईचे. विटा मिळेनात, सिमेंट तर डोळ्यांनी बघायला नाही. त्याच सुमारास प्रेसमध्ये रुईचा हंगाम संपला की लष्कराच्या खेचरांसाठी पिंजराच्या गाठी बांधायचं काम आलं. पिंजर म्हणजे मळणीनंतर उरलेलं भाताचं वाळकं काड. ह्यांना गाठी पोचवायला छावणीत जावं लागायचं. तिथं कुणा साहेबानं त्याच गाठी विटेसारख्या रचून, वर माती लिंपून एक खोली उठवली होती. हे भर उन्हाचे त्या खोलीत शिरले आणि बाहेर यायचं नाव घेईनात. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाहेर डोकं फुटायची वेळ, आणि आत माठाजवळ बसल्यागत वाटतं. काडाकाडात हवा कोंडलेली असते ना, ती ऊन आत सोडत नाही."

मी म्हटलं, "मग बांधा की. बघत काय बसलात?"

अण्णा हसले. "पिंजराचं घर? बैल सुटला तर सकाळपर्यंत खाऊन टाकेल." मग हसू गिळून चार माणसांदेखत बोलले, "ही भिंत एक पावसाळा काढू दे. काढला तर दसऱ्याला चूल वेगळी करा, वाट्याची जमीन घ्या. नाही काढला तर परत वेगळ्या घराचं नाव काढायचं नाही." गावच्या पंचांनी मान डोलावली. माझं सगळं त्या एका पावसाळ्यावर येऊन टेकलं.

जागा जुन्या घराच्या मागं, परड्याच्या टोकाला. ह्यांनी आधी गुडघाभर उंचीचं दगडी जोतं घेतलं, सांधे चुन्यानं भरले, वर डांबराचा जाड हात दिला. "पिंजराचा वैरी आग नाही, ओल आहे," हे सांगायचे. "दाबलेल्या गाठीला लिंपण असलं की जाळ धरत नाही. पण खालून ओल चढली तर गाठ कुजली म्हणून समज." छताचा भार लाकडी खांबांवर, गाठी फक्त खांबांमधे. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, विटेसारखंच. गाठीतून बांबूचे खुंटे ठोकून एकमेकींना जखडायच्या. कौलांची वळचण हातभर पुढं काढली, म्हणजे पाणी भिंतीवर न पडता लांब पडेल. आतसुद्धा जमीन गाठींपेक्षा खालीच ठेवली, सारवताना पाणी भिंतीत जाऊ नये म्हणून.

लिंपण मी आणि अक्कानं केलं. आधी सुटी काडं विळ्यानं साफ कातरली. मग तांबड्या मातीचा पातळ काला तळहातानं काडांत रेटून बसवला. तो सुकल्यावर तूस आणि बारीक पिंजर घातलेली जाड माती, ती सुकून तडे पडल्यावर शेणमातीचा शेवटचा हात, वर चुना. कुठं उंदराला शिरायला जागा ठेवली नाही. अक्का लिंपताना गुणगुणायची. तिचा आवाज इतका गोड आहे हे मला तेव्हा कळलं, जुन्या घरात तो कधी ऐकूच आला नव्हता.

पेरण्या झाल्या. माझी आई आजारी पडली म्हणून मी लेकीला घेऊन माहेरी गेले, हे हुबळीला. पंचमीच्या आधी आम्ही दोघं बरोबरच परतलो. परड्यात पाय टाकला आणि ह्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

घराच्या चारी बाजूंनी भिंतीला लागून मातीचा कट्टा घातला होता, चांगला मांडीएवढा उंच. दगडी जोतं गायब. डांबराची रेघ गायब. ओली माती थेट गाठींना भिडलेली. आमच्याकडं पावसाळ्याआधी सगळेच मातीच्या भिंतीच्या बुडाला असा कट्टा घालतात, पाण्यानं बूड झिजू नये म्हणून. मातीच्या भिंतीला ते ठीक. पिंजराच्या भिंतीला तो फास.

अण्णा दारात उभे होते, छाती पुढं काढून. "बुडाला काहीच नव्हतं. मीच घातला, एकट्यानं. नाहीतर वाहून गेली असती."

कुणी काही म्हणो, मला वाटतं ते खरं बोलत होते. जन्मात एकदाच त्या माणसानं मायेनं हात लावला, आणि तोही नासवायला.

ह्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. कुदळ उचलली आणि कट्टा फोडायला लागले. अण्णांचं तोंड बदलत गेलं. "माझं काम मोडतोस?" कुदळ थांबेना. मग अण्णांनी खोरं उलटं धरून त्याचा दांडा ह्यांच्या खांद्यावर घातला. मला हाड मोडल्याचा आवाज आला. हे वळले आणि डाव्या हातानं कुदळीचा दांडा अण्णांच्या तोंडावर मारला. दात पडले, रक्त त्या चुन्याच्या भिंतीवर उडालं. दोघं चिखलात लोळले, एकाच आईचे दोन मुलगे, एकमेकांचे गळे धरून. माझी लेक किंचाळत होती. शेजारचे धावले नसते तर एकतरी मेला असता.

ह्यांचा उजवा हात गळ्यात बांधला गेला आणि कट्टा तसाच. मी पदर खोचला. अण्णा ओसरीवरून बघत होते, ओठांवर फडकं धरून. आणि जुन्या घरातून अक्का बाहेर आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. ह्यांना मारलेलं तेच खोरं उचललं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अण्णा तिला नावानं ओरडले, "साकू, आत ये." अक्का खणत राहिली.

आम्ही दोघींनी सगळी माती ओढून काढली, जोत्याचे दगड उघडे केले. लिंपण फोडून हात घातला तर खालची गाठ काळी, चिकट, शेणाच्या उकिरड्यागत गरम. वास असा की मी तिथंच ओकले. हे बाजूला बसून सांगायचे आणि आम्ही कुजकं ओढून काढायचो, कोरडं काड हाताला लागेपर्यंत. वरची गाठ अजून चांगली होती. उघडं बूड वाऱ्याला ठेवलं, पावसाच्या सरीला पोती लावली. बांधकामातून उरलेल्या, गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या गाठी कोरड्या होत्या. त्या अर्ध्या कापून मोगरीनं ठोकून ठोकून भरल्या, आत शेगड्या पेटवून लिंपण सुकवलं. माझे तळहात सोलून निघाले. अक्काच्या पाठीवर रोज एक नवा वळ असायचा, खणल्याची शिक्षा, आणि ती रोज यायची.

दसऱ्याला पंच आले. एकानं बुडाशी लिंपणाला भोक पाडून सुरी आत खुपसली, बाहेर काढून ओठाला लावली. कोरडी. अण्णांनी मान खाली घातली. मी आपट्याची पानं वाटली आणि त्याच संध्याकाळी माझी चूल वेगळी पेटली.

काय सुख होतं म्हणून सांगू. थंडीत बाहेर दात वाजायचे आणि आत एक शेगडी पुरायची. उन्हाळ्यात गाव तळमळायचं, माझी लेक उघडी भुईवर झोपायची. आणि शांतता. पाऊण हात जाडीची भिंत, बाहेरचा चिमणीचाही आवाज आत येत नव्हता. जुन्या घराकडची बाजू तर सगळी बंद, तिकडं खिडकी मीच ठेवू दिली नव्हती.

चैत्रातली एक दुपार. हे हुबळीला. मी लेकीला थोपटत पडले होते. दाराशी काही खरवडल्यासारखं झालं. कुत्रं असेल म्हणून उठले. दार उघडलं तर उंबऱ्यावर अक्का, हातापायांवर रांगत आलेली. डोकं फुटलेलं, एक डोळा मिटलेला, केस रक्तानं चिकटलेले.

मी तिला आत ओढलं. पाणी पाजलं. ती म्हणाली, "केव्हापासून हाका मारत होते गं तुला." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मग भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "चांगली झाली आहे भिंत."

मी अडसर घातला तोच अण्णा आले. दाराला लाथा घातल्या, दार हललं नाही. मग जुन्या घराच्या बाजूला गेले आणि पहार घेऊन भिंतीवर तुटून पडले. आत आम्हाला नुसतं धप, धप ऐकू येत होतं, लांब कुणी भात कांडतंय तसं. लिंपणाचे पोपडे पडले. मी विळा घेऊन भिंतीपाशी उभी राहिले, टोक आत आलं आणि पाठोपाठ हात आला की तोडायचा म्हणून. टोक आलं नाही. पहार काडांत रुतली, खुंट्यात अडकली, आणि ती पुढंही जाईना, बाहेरही येईना. शिव्या ऐकू येत होत्या, शब्द नाही. शेवटी तेही थांबलं. दार उघडलं तेव्हा पहार भिंतीत तशीच होती आणि अण्णा निघून गेले होते.

अक्का परत गेली नाही. पंच आले, तिचा डोळा बघून आल्या वाटेनं गेले.

मृगाआधी भिंतीची डागडुजी काढली. पहार उपटली तिथं मोठं भोक पडलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "ते बुजवू नका. तिथं खिडकी बसवा. जुन्या घरातलं सगळं मला ऐकू आलं पाहिजे."

अक्का माती मळत बसली होती. एका डोळ्यानं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मी इकडं आहे," ती म्हणाली. "आता तिकडचं काय ऐकायचं राहिलंय?"

मग तिनं कोरडं पिंजर मुठीनं घट्ट घट्ट भोकात भरलं आणि मातीचा पहिला हात दिला.