माठाचं पाणी आणि हायपोची फुली

तपासणीच्या दिवशी मला कोणी कोणता प्रश्न विचारायचा, हे मी मुलांना आधीच वाटून दिलं होतं. तपासायला आलेला माणूस स्वतःही काही विचारील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मुळशीतल्या आमच्या हायस्कुलात दहावीपर्यंतच शास्त्र होतं. अकरावीला रसायन शिकवायची परवानगी हवी, तर शिक्षणखात्याचे साहेब येऊन वर्ग आणि मास्तर दोन्ही बघणार होते. परवानगी नाही मिळाली, तर दहावीतली आठ पोरं पुण्याला खोल्या करून राहायची किंवा शास्त्राला रामराम ठोकायची. पुण्याला खोली कोणालाच परवडणार नव्हती. तेव्हा ठरलेलं होतं: काही झालं तरी परवानगी घ्यायचीच. ती घेण्याचा माझा मार्ग मात्र पाठांतराचा होता.

विषय मी मोठा रुबाबदार निवडला होता. रासायनिक क्रियेचा वेग. हायपोच्या, म्हणजे फोटो धुवायला वापरतात त्या क्षाराच्या, द्रावणात आम्ल घातलं की गंधक तयार होतं आणि द्रावण हळूहळू दुधासारखं होत जातं. चंचुपात्राखाली कागदावर शाईची फुली काढायची, वरून बघत राहायचं आणि फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. आधी पन्नास सी.सी. हायपो, मग पंचवीस हायपो आणि पंचवीस पाणी. आम्ल दोन्हीकडे पाच सी.सी. हायपो निम्मा, म्हणून वेग निम्मा, म्हणून वेळ दुप्पट. हे मी आदल्या दिवशीच फळ्यावर कोरीव अक्षरात लिहून ठेवलं होतं. करून मात्र बघितलं नव्हतं. हायपो संपेल अशी भीती होती.

साहेब आले. उंच, शांत, धोतर-कोटातले. पत्र्याचं छप्पर तापलेलं होतं. शाळा कमिटीचे अध्यक्ष स्वतः ओल्या वाळूत बसवलेला माठ घेऊन आले होते आणि तो वर्गाच्या कोपऱ्यात मांडून दाराशी उभे होते. मी स्वच्छ पाणी शोधत होतो. माठ समोरच होता. मी त्यातलंच पाणी मोजून घेतलं.

पहिली फुली छान गेली. दुसरी जाईचना. मी वाकलेला, मागे साहेब वाकलेले, हेडमास्तर घड्याळ धरून ताठ. अखेर फुली गेली, पण वेळ दुपटीऐवजी जवळजवळ तिप्पट भरला. मी काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने मुलांना खूण केली. ठरल्याप्रमाणे एक पोरगा उठला आणि खड्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, ह्या क्रियेचं समीकरण काय हाय?"

मी समीकरण सांगायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला.

"समीकरण मला येतं. तुम्ही फळ्यावर दुप्पट लिहिलंय. घड्याळ तिप्पट का सांगतंय?"

"घड्याळ हेडमास्तरांचं आहे, साहेब," मी म्हणालो.

पोरं हसली. हेडमास्तरांनी मनगट कोटाच्या बाहीत ओढून घेतलं. साहेब हसले नाहीत.

"बरं. दुसऱ्या पात्रात पाणी का घातलंत?"

"एकूण माप पन्नासच राहावं म्हणून."

"ते का राहावं?"

"पुस्तकात तसं दिलंय."

"पुस्तक आज तपासणीला बसलेलं नाही, मास्तर. तुम्ही बसलाय."

एवढ्यात एक पोरगी उठली. तिला वाटलं, आता आपली पाळी. "गुरुजी, समीकरण संतुलित कसं करत्यात?" मी तिला डोळ्यांनी बसवलं. साहेबांनी ते बघितलं, आणि बाकीचे प्रश्न कुठे-कुठे बसलेत हेही त्यांना बहुधा कळलं.

"मी जेवून येतो," ते उठत म्हणाले. "तीनची एस.टी. आहे. तोवर मला दोनच गोष्टी सांगा. ही मापं, ही भांडी, हे पाणी का निवडलंत? आणि तिप्पट का झालं?"

हेडमास्तर त्यांना घरी घेऊन जाताना माझ्या कानाशी पुटपुटले, "पुढच्या वर्षी बघू आता." पुढच्या वर्षी ही आठ पोरं शास्त्रात नसणार होती. मी दार लावून घेतलं आणि पोरांना म्हणालो, "भाकरी नंतर. आधी हे."

पहिल्यांदा वाटलं, माप चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा तिप्पट. चंचुपात्र एकच, फुली तीच, बघणारे डोळे माझेच. माप पन्नास का, हे मात्र करता-करता डोक्यात शिरलं. पाणी घातलंच नसतं, तर थर उथळ झाला असता आणि फुली झाकायला जास्त गढूळपणा लागला असता. शिवाय तेवढ्याच आम्लाचं प्रमाण वाढलं असतं. बदलायचा तो हायपोचा दाटपणा जवळजवळ तसाच राहिला असता आणि नको त्या दोन गोष्टी बदलल्या असत्या. हे चार वर्षं शिकवत होतो, पण शिकलो त्या दुपारी.

तिप्पट मात्र सुटेना. मग पात्र विसळताना माठाचं पाणी हातावर पडलं आणि हात गारठला. हायपोची बाटली पत्र्याखालच्या कपाटात, कोमट. म्हणजे पाणी वाढवलं की हायपो पातळ होत होता आणि थंडही होत होता. थंडीत क्रिया मंदावते. पातळपणाचा दोष मी मोजत होतो, त्यात गारव्याचा दोष गुपचूप मिसळत होता. शाळेचा तापमापक कपाटात पुठ्ठ्याच्या नळीत होता. शाळेत आल्यापासून तो मी बाहेर काढलाच नव्हता.

हायपो, आम्ल, पाणी, तिन्ही बाटल्या एकाच बादलीतल्या पाण्यात उभ्या केल्या. तिन्हींत तापमापक सारखा दिसेपर्यंत थांबलो. मग प्रयोग केला. दुप्पट. पुन्हा केला. दुप्पटच, थोडं इकडेतिकडे.

साहेब पान चघळत आले, मागून हेडमास्तर आणि अध्यक्षही. मी न लपवता सगळं सांगितलं, आधी केलेला घोटाळासुद्धा. त्यांनी बादलीत बोट घातलं, तापमापक बघितला आणि मघाच्या त्याच पोरीकडे वळले.

"तू सांग. बादली नाही वापरायची. हायपो, आम्ल, पाणी, सगळंच माठाइतकं गार केलं असतं तर?"

हा प्रश्न मी कोणालाच वाटलेला नव्हता. पोरगीनं पदराचं टोक पिळलं.

"दोन्हीला येळ लई लागला असता," ती म्हणाली. "पर दोन्हीला गारवा सारकाच. मंग दुप्पटच आलं असतं."

"समीकरण येतं का तुला?"

"व्हय. पर तुमी त्ये इचारलंच न्हाई."

साहेब पहिल्यांदा हसले. खिशातून पेन काढून त्यांनी तिथल्या तिथे परवानगीची शिफारस लिहिली. हेडमास्तरांनी घड्याळ पुन्हा बाहेर काढलं. मी छाती फुगवून उभा राहिलो.

एस.टी.चा भोंगा वाजला तसे साहेब कोपऱ्याकडे गेले आणि पेला माठात बुडवला. पेला तळाशी ठणकन आपटला आणि कोरडाच वर आला. सकाळपासून मोजण्यात, विसळण्यात आणि बादली भरण्यात मी सगळं पाणी संपवलं होतं.

दाराशी उभे असलेले अध्यक्ष पुढे झाले. त्यांनी माठ कलंडवून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, ह्यो माठ मी सायबास्नी पाजायला आनला व्हता. तुमास्नी अक्कल याया न्हाई."