निम्मी ऊब किती वेळात

जोयड्याच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते आणि माझा राग नाकावर असतो, हे मुलींना पहिल्या आठवड्यातच कळतं. त्यामुळे सेकंड पीयूतली एक मुलगी सोमवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात रडवेल्या तोंडानं उभी राहिली, तेव्हा मी आधी खेकसले आणि मग तिला आत घेतलं.

तिची आई अणशीकडच्या एका शाळेत दुपारचं जेवण रांधते. त्याच स्वयंपाकघरातून रानातल्या एका लहान वाडीच्या शाळेलाही सांबार जातं. नऊ वाजता भांडं जीपमध्ये चढतं आणि वाडीतली मुलं एक वाजता जेवतात. मधले चार तास सांबार गरम राहावं म्हणून आईनं स्वतः एक पेटी केली होती. लाकडी खोक्यात दाबून भाताचा पेंढा, मधे भांड्यापुरती जागा आणि वर जुन्या गोधडीची उशी. त्या वर्षी वाडीतून तक्रार आली की जेवण गार येतं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी विकतचा मोठा हॉटबॉक्स आणला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुझ्या पेंढ्यात काय राम न्हाई."

ही गोष्ट मुलीच्या जिव्हारी लागली होती. तिनं दोन्हींची परीक्षा घ्यायचं ठरवलं, प्रोजेक्ट म्हणून. मी तिला थर्मामीटर दिले आणि बजावलं, रोज जसं करता तसंच सगळं करायचं, एक पळी इकडची तिकडे नको. रविवारी शाळेच्या कोठीत दोन सारखी भांडी पाण्यानं भरली. हॉटबॉक्समध्ये अध्यक्षांनी स्वतः चुलीवरून उतरवलेलं उकळतं भांडं ठेवलं. आईनं आपलं भांडं रोजच्यासारखं पेटीत ठेवलं. नऊपासून दर तासाला मुलीनं आकडे घेतले.

हॉटबॉक्स अठ्ठ्याऐंशी अंशांवर सुरू होऊन एक वाजता छप्पन्नावर आला होता. पेटी बहात्तरावर सुरू होऊन चौपन्नावर. अध्यक्ष म्हणाले, छप्पन्न मोठे की चौपन्न? बुधवारच्या बैठकीत पेटी बाहेर काढायची असं ते सांगून गेले.

"पण पेटी अठराच अंश उतरली, हॉटबॉक्स बत्तीस," मी म्हणाले.

"तेबी खोटंच हाय मॅडम," ती नाक पुसत म्हणाली. "जास्त तापलेलं जास्तच उतरतंय. तुम्हीच शिकवलंय. म्हणजे मी आईच्या बाजूनं बोलायला गेले तर लबाडी होतीय."

मला तिचा अभिमान वाटला. आईची बाजू घ्यायला आलेली मुलगी फुकटचा पुरावा नाकारत होती. मी कपाट उघडून कडा पिवळ्या पडलेला लॉग पेपर काढला. त्याच्या उभ्या रेघा सारख्या अंतरावर, पण आडव्या रेघा वर जाऊ तशा दाटत जातात. दहापासून वीसपर्यंत जेवढी जागा, तेवढीच वीसपासून चाळीसपर्यंत आणि तेवढीच चाळीसपासून ऐंशीपर्यंत. साध्या कागदावर सारखं अंतर म्हणजे सारखी वजाबाकी. इथं सारखं अंतर म्हणजे सारखी पट. जे दर तासाला आपल्यातला ठरावीक हिस्सा गमावतं, त्याची साध्या कागदावर वाकणारी रेघ इथं सरळ होते.

तिनं थर्मामीटरचे आकडे तसेच मांडले. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यावर पट्टी ठेवली तर हॉटबॉक्सचे मधले ठिपके पट्टीच्या दीड मिलिमीटर खाली राहिले. "जवळपास सरळच हाय की," ती म्हणाली. मी चिडले. जवळपास सरळ म्हणजे वाकडं. भांडं शून्य अंशापर्यंत गार होत नाही, कोठीच्या हवेइतकं होतं. मग वहीत उतरवलेलं हवेचं तापमान का वापरत नाहीस, मी विचारलं. कोठीतली हवा चोवीसच्या आसपास स्थिर होती. तिनं प्रत्येक आकड्यातून चोवीस वजा केले. हॉटबॉक्सचे झाले चौसष्ट, चौपन्न, पंचेचाळीस, अडतीस, बत्तीस. पेटीचे अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस, अडतीस, चौतीस, तीस. पट्टी ठेवली आणि दोन्हींचे ठिपके मुकाट रांगेत बसले. पेटीची रेघ खालून सुरू होत होती, पण उतार कमी होता.

उतार तिनं चटकन काढला. लॉग घेऊन दर तासाला उणे ०.०७५ आणि उणे ०.०५०. मग पेन्सिल थांबली. "मॅडम, ह्याच्यात अंश कुठं गेले?"

अंश गेलेच होते. ह्या उतारात तासाला किती अंश कमी झाले ते नसतं, उरलेल्या उबेतला कितवा हिस्सा गेला ते असतं. हॉटबॉक्स दर तासाला शंभरातले सोळा भाग घालवत होता, पेटी अकरा. भांडं कितीही तापवून ठेवा, हा हिस्सा बदलत नाही. म्हणून सुरुवात वेगळी असली तरी दोन उतारांची तुलना न्यायाची. मी तिला पेटीची रेघ उचलून, उतार तोच ठेवून, चौसष्टावर नेऊन ठेवायला सांगितली. एक वाजता ती चाळिसावर टेकली. त्यात हवेचे चोवीस मिळवले की चौसष्ट अंश, हॉटबॉक्सपेक्षा आठ जास्त. मुलगी हसली, मग परत रडली. मी पाणी दिलं.

बुधवारी बैठकीला मुलीबरोबर मीही गेले. शंभरातले सोळा आणि अकरा ऐकून अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मुलीची आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं मुलीला विचारलं, "निम्मी ऊब जायाला किती येळ लागतोय, तेवढं सांग की."

"ह्याला चार तास. तुझ्या पेटीला सा."

"मग ठीक हाय," आई म्हणाली. अध्यक्षांनाही ते कळलं, आणि माणूस सरळ असल्यामुळे त्यांनी पेटी राहू दे म्हटलं. मला धडा मिळाला, तो मी आजही वर्गात वापरते. उतार सांगायचा तर आधी निम्मं कधी होतं ते सांगायचं.

पण आई जागची हलली नाही. पेटी चांगली असेल तर वाडीत सांबार गार का जातं, असं तिनं विचारलं. मुलगी कागदाकडे बघत राहिली आणि तिनं पेटीच्या पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितं, आई. चुलीवरनं उतरताना उकळत असतंय आणि पेटीत जाताना बहात्तर. मधे वीस मिनिटं झाकण उघडंच असतंय. तवा तू काय करतीस?"

आईनं जरा आठवून पाहिलं. "चुलीपाशीच तुझी वेणी घालते की. न्हाईतर बस जातीय तुझी. रविवारीबी घातली, तूच म्हणालीस रोजच्यासारखं कर."

अध्यक्षांनी चहा मागवला.

त्यानंतर क्रम उलटा झाला. आधी भांडं पेटीत आणि मग वेणी. वाडीतून तक्रार पुन्हा आली नाही. मुलगी मात्र दोनदा बस चुकवून माझ्या वर्गात उशिरा आली आणि मी दोन्ही वेळा ओरडले.

महिन्याच्या शेवटी तिनं प्रोजेक्टची वही दिली. आलेख स्वच्छ होता, एककं बरोबर होती. चुकांच्या तक्त्यात शेवटची ओळ होती: पेटीतलं भांडं ठेवायला वीस मिनिटं उशीर. शेजारचा कारणाचा रकाना तिनं कोरा सोडला होता. कोऱ्या रकान्याला मी एक गुण कापते, गेली अठरा वर्षं. त्या दिवशी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले, आणि पूर्ण गुण दिले.