गाठींवरचा आवाज

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रात सापडून मजूर गेला. त्याच्या बायकोनं भरपाईचा दावा लावला. मी तिथला ऑडिटर. मालक म्हणाला, "तो आपला माणूसच नव्हता. वकील म्हणते, दावा टिकत नाही. ताळेबंदात कायले दाखवता?"

माझं डोकंच फिरलं. "मग मागच्या मार्चात साठा मोजताना कापसाच्या गाठींवर चढून मले आकडे कोण सांगून राहिला होता? निकाल कुणाच्याही बाजूनं जाऊ शकला असता तर ताळेबंदाखाली नुसती टीप दिली असती. इथं तुमी हरणारच, अन् रक्कम त्याच्या पगार-वयावरून निघते. नफ्यातून तेवढी बाजूला काढा, तरतूदच करा."

मालकानं मान्य केलं. तरतूद झाली.

पुढच्या मार्चात गाठी मोजायला गेलो. वरून दुसऱ्याच आवाजात आकडा आला. माझ्यानं तो लिहवेना.