रूपालीच्या पत्रिकेतली एक ओळ

रूपाली माझ्या धाकट्या भावाची, रघुवीरची, बायको. माहेर गुंजीचं, शेतकरी मराठ्यांचं; आम्ही ब्राह्मण. लग्नाला आमच्या आईनं विरोध केला होता आणि नंतर सुनेच्याच हातचं जेवून ती समाधानानं गेली. रूपाली बेळगावात मराठी शाळेत शिकवते. कोणतीही गोष्ट तिला समजावून सांगावीशी वाटते, आणि ती सोपी करून सांगते.

त्यांच्या मुलाची, स्वरूपची, मुंज वैशाखात ठरली तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, माझ्या माहेरच्यांनी मुंज पाहिलेलीच नाही. नुसता मुहूर्त छापला तर ते अक्षता टाकतील, जेवतील आणि जातील. कशाला काय म्हणतात, हे पत्रिकेतच सांगूया."

पत्रिकेसोबत एक वेगळा कागद करायचं ठरलं. तिनं गुरुजींना विचारून मजकूर लिहिला, वेळा मी तपासल्या. केस काढणं सकाळी सातला. साडेआठला मातृभोजन. मुहूर्त दहा बत्तीसचा, त्यामुळे दहाला बसून घ्यावं. मुलाला मुहूर्ताला मामानं आणायचं, म्हणून मामांनी सकाळीच यावं. मग गुरूच्या घरी शिकायला निघाल्यासारखी भिक्षावळ, पहिली भिक्षा आईची. 'ही भीक नव्हे' असंही तिनं आठवणीनं लिहिलं. मला कागद आवडला. छापला, गुंजीला पोचता केला.

दोन दिवसांनी तिच्या भावाचा, युवराजचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"आक्का, आमी येणार न्हाय. आयेनं सांगितलंय."

रूपालीला वाटलं चेष्टा आहे. "कामं सोडून चेष्टा करतोस व्हय रं?"

"चेष्टा न्हाय. कालपास्नं ती जेवली न्हाय."

फोन बंद झाल्यावरही ती तो हातात धरून उभी होती. मामाच आला नाही तर मुलाला आणणार कोण, एवढंच मला सुचलं. तिचा चेहरा पाहून मी ते बोललो नाही. रघुवीरनं गाडी काढली आणि आम्ही तिघं गुंजीला गेलो.

रूपालीची आई, रुक्माबाई, ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला, पण 'या' म्हटलं नाही. युवराजला म्हणाल्या, "वाच रं ती ओळ. ह्यास्नी ऐकू दे."

युवराजनं खाली बघत वाचलं, "मातृभोजन म्हणजे आईच्या ताटातलं मुलाचं शेवटचं जेवण. यानंतर आईचं उष्टं मुलाला चालत नाही."

"ऐकलंस?" रुक्माबाई लेकीला म्हणाल्या, "अकरा वर्सं मी वाट बघितली, ही माणसं कवा एकदा तुझी जात काढत्यात. त्यांनी न्हाय काढली. तू सवताच छापून धाडलीस!"

रूपालीनं युवराजच्या हातातला कागद घेतला. ती ओळ मी दोनदा वाचली होती, पण फक्त वेळेसाठी. जातीचा अर्थ निघेल हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि अकरा वर्षं आमच्याकडं जेवताना या बाई मनात काय धरून बसत, तेही आज कळलं.

"आये, ते सगळ्याच आयांचं असतंय गं," रूपाली म्हणाली. "मूल गुरूकडं जातंय म्हणून."

"सगळ्या? ह्यांच्या आईचंबी?"

"आमच्या आईचंही," मी म्हणालो. "ती तर आमच्याच जातीची होती."

त्यांनी रघुवीरकडं पाहिलं. "जावयबापू, खरं सांगा. मुंज झाल्यावर आईच्या ताटातलं कवाच खाल्लं न्हाईसा?"

रघुवीर लाजला. "त्याच संध्याकाळी खाल्लं. आंबरस होता."

"आणि आईनं?"

"तिनंच ताट पुढं सरकवलं."

मग रुक्माबाई फाडकन म्हणाल्या, "मग ते का न्हाय छापलं?"

नवा कागद निघाला. त्यात रूपालीनं लिहिलं, 'मातृभोजन: आई आणि मुलगा एका ताटात जेवतात. लहानपण संपून शिकायचे दिवस सुरू होतात, म्हणून हा निरोपाचा घास. प्रत्येक आईसाठी हीच रीत.' आंबरसाचं मात्र तिनं छापलं नाही.

मुंजीच्या सकाळी सातच्या आधीच गुंजीची माणसं कार्यालयात हजर होती. मुहूर्ताला युवराजनं भाच्याला उचलून आणलं. पहिली भिक्षा रूपालीनं घातली, तिच्यामागं रुक्माबाईंनी.

दुपारी मुख्य पंगत बसली. गुरुजी समोरच होते. नवीन लंगोटी, दंड, शेंडी अशा थाटात स्वरूप आपलं पान सोडून उठला, आईजवळ जाऊन बसला आणि तिच्या पानातली जिलेबी त्यानं उचलली.

रूपालीचा हात वाटेतच थांबला. वाढपी थांबले. सगळी पंगत गुरुजींकडं पाहू लागली. रुक्माबाई मात्र माझ्याकडं पाहत होत्या.

मी माझं पान रेटून म्हणालो, "मठ्ठा वाढा रे इकडे."

गुरुजींनीही मान खाली घालून भातावर वरण घेतलं. तेव्हा रुक्माबाईंनी त्या दिवसातला पहिला घास तोंडात घातला.