डोमाजीचं भाषण आणि कापलेला स्क्रीनशॉट

घाटंजीजवळच्या त्या गावात डोमाजीनं चोवीस वर्षं दूध संस्थेत दूध मोजलं, पण भाषण म्हणून एकदाही केलं नाही. एरवी त्याचं बोलणं म्हणजे "कॅन इकडं घे" आणि "फेस बसू दे". आता मात्र सभासदांच्या बैठकीत उभं राहून त्याला आपण चोर नाही हे सांगायचं होतं.

सगळा घोळ अध्यक्ष वामनरावांनी केला. त्यांना नव्यानंच स्क्रीनशॉट काढता येऊ लागला होता, आणि नवी विद्या माणसाला गप्प बसू देत नाही. संस्थेच्या ॲपमधला एका संध्याकाळचा संकलनाचा तक्ता त्यांनी उघडला. आकडे बारीक दिसले म्हणून बोटांनी मोठे केले, मग फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला: एकूण दूध ३१.४ लिटर, फॅट ६.१, एसएनएफ ८.९. खाली लिहिलं, 'रोज संध्याकाळी ९६ लिटर येते. बाकीचे गेले कुठे?'

डोमाजीकडं बटणाचा फोन. त्यामुळं आपण चोर झालो हे त्याला गावात सगळ्यात शेवटी कळलं. चार दिवस लोक दूध घालून काट्याकडं टक लावून उभे राहत होते, आणि तो बिचारा समजत होता की लोकांना आता मशीनची गोडी लागली. कळल्यावर त्याला जेवण गेलं नाही. फार लागलं ते त्याच्या मनाला.

केंद्रावर संगणक बघणाऱ्या अपेक्षाला त्यानं ती संध्याकाळ ॲपमध्ये पुन्हा उघडायला लावली. तक्त्याची वरची ओळ पाहिली आणि पहिल्यांदा तो नीट श्वास घेऊन हसला. रात्रभर भाषण पाठ केलं, ते गोठ्यात म्हशीसमोर. म्हैस रवंथ करत राहिली. त्यानं ती पसंती धरली.

बैठक संस्थेच्या टिनाच्या शेडात, दुपारी चारला भरली. वामनराव खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. डोमाजी उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं विसरला.

"नमस्कार," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "नमस्कार."

"झाला ना एकदा," मागून तुळसाबाई म्हणाली. शेड हसलं, आणि त्या हसण्यानं त्याची जीभ मोकळी झाली.

"अपेक्षा, टाक तो पुरा फोटो ग्रुपवर." फोन वाजले. "आता वरची ओळ पाहा. वामनरावांनं आकडे मोठे केले, तवा तेवढीच ओळ कापल्या गेली. तिच्यात तारीख आहे, वेळ आहे, अन् दूध घालणारे किती ते आहे. किती आहेत?"

"नऊ," दोघं-तिघं म्हणाले.

"रोज किती राह्यतात? अठ्ठावीस. अठ्ठावीस जणाचं शहाण्णव लिटर, म्हणजे माणशी साडेतीनच्या आसपास. नऊ जणाचं एकतीस, म्हणजे तेवढंच. दूध कमी झालं नाही, दूध आणणारे कमी झाले. आता तारीख वाचा."

माना फोनवर वाकल्या. मग मैनाबाईनं तोंडाला पदर लावला. "अवो माय! ते त कोजागिरी होती!"

"मी मशीन लावून आठ वाजेपर्यंत बसून होतो," डोमाजी म्हणाला. "देवळापाशी कढई चढली होती, घरोघर पातेली चढली होती. वामनराव, कढईत झारा कोण हलवत होतं?"

वामनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आमचं नऊ जणाचं दूध मशीनमधी गेलं," तांड्यावरचा बाबूसिंग म्हणाला, "तुमचं पोटात गेलं. अन् हिशेब याले मागून राह्यले!"

हशा झाला. प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बोट दाखवू लागला, तू किती पेले प्यालास म्हणून. विषय संपला असं धरून दोघं-चौघं चपला शोधू लागले. डोमाजी मात्र उभाच होता.

"माहं आणखी एक राह्यलं," तो म्हणाला. "चोवीस वर्षं मी या मशीनपाशी बसतो. त्याच्यातले चार दिवस मी तुमच्यासाठी चोर होतो. कोनी येऊन विचारलं बी नाही, की डोमाजी, हे काय आहे? ते चार दिवस मी कोन्या सभासदाच्या नावावर लिहू, तेवढं सांगा."

चपला शोधणारे तिथंच थांबले.

वामनराव खुर्चीवरून उठले आणि सतरंजीवर येऊन डोमाजीसमोर उभे राहिले.

"माह्या नावावर लिहा," ते म्हणाले. "चारही."