सहा लाख पंधरा हजार, त्रेसष्ट दिवस

पालघरला एका इंटिरियर डिझायनर बाईंच्या ऑफिसात मी आठवड्याचे तीन दिवस मजकूर लिहायला जात असे. घराचे आधीचे आणि नंतरचे फोटो आले की खाली चार ओळी माझ्या. बाईंना सगळे ताई म्हणत, मीही म्हणे. पण माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. माझे बाबा तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनचे जुने कार्यकर्ते. लहानपणी मी खेळण्यांपेक्षा पत्रकांच्या घड्या जास्त घातल्या, मोठेपणी तीच पत्रकं लिहिली. दुसऱ्याचं घर सजवून पैसे घेणारा माणूस खरा आकडा सांगेल, यावर माझा विश्वास बसणं अवघड होतं.

सरावलीच्या एका वन बीएचकेचं काम संपलं तेव्हा ताईंनी मला चिठ्ठी दिली: सुमारे सहा लाख, साधारण दोन महिने, बोईसर परिसर.

"सुमारे म्हणजे किती?" मी विचारलं.

"सुमारे म्हणजे सुमारे."

"लोक हे वाचून पैशांची जुळवाजुळव करतात, ताई. तुम्ही त्यांना अंदाजावर सोडणार?"

त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. मला वाटलं होतं, आत काहीतरी सापडेल. सापडलं ते एवढंच: अंदाजपत्रक पाच लाख चाळीस हजारांचं. बाथरूमच्या जुन्या लाद्या काढल्यावर गळती दिसली, म्हणून पाइप आणि वॉटरप्रूफिंगचे पंचाहत्तर हजार वाढले. पंचेचाळीस दिवस ठरले होते, त्रेसष्ट लागले. त्यातले अकरा गळतीत गेले, कारण फरशीवर दोन दिवस पाणी साठवून खालच्या घराचं छत तपासल्याशिवाय ताई लादी बसवू देत नाहीत. सात दिवस किचनच्या दारांची वाट पाहण्यात गेले. फ्रिज आणि पंखे घरमालकांनी स्वतः आणले होते, ते या आकड्यात नव्हते. सगळे पैसे चेकने आले होते, घरमालकाच्या बायकोच्या खात्यातून.

मग मी मजकूर लिहिला आणि तो लिहिताना मला फार बरं वाटलं. "सरावली. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगाराचं घर. ठरले होते ५,४०,०००, लागले ६,१५,०००. ठरले होते ४५ दिवस, लागले ६३. कारणं खाली." नाव घातलं नाही, चेहरा घातला नाही. खाजगीपण राखलं, असं समजले. आधीच्या फोटोंमधून हॉलचा निवडला, कारण त्यात माणसं राहतात असं वाटत होतं: भिंतीवर कामाच्या पाळ्यांच्या खुणा केलेलं कॅलेंडर, खिडकीत समोरच्या इमारतीची निळी टाकी.

ताईंची पद्धत अशी की घरमालकाने वाचल्याशिवाय काहीही टाकायचं नाही. त्यांनी मसुदा दुपारी घरमालकांना पाठवला. मी मात्र सकाळीच बाबांना माझा फोन वाचायला दिला होता. माझी प्रत्येक ओळ ते पहिल्यांदा वाचतात, शाळेत असल्यापासून.

बाबांनी आधी मजकूर वाचलाच नाही. फोटो बोटांनी मोठा केला.

"ही टाकी... हे कमिटीवाल्याचं घर."

"कुणाचं?"

"सध्या कंपनीशी पगारवाढीच्या बोलणीला बसतो ना, त्याचं. ह्याच भिंतीला टेकून आमी मीटिंगा केल्यात." मग ते खाली आले, आकड्यावर. "सहा लाख पंधरा? बोलणी चालू असताना? कुठनं आणले?"

"बाबा, तुम्ही कुणाला—"

"उद्या कंपनीच्या गेटवर विचारतो त्याला. चारचौघांत. लपवायचं काय त्यात?"

हा प्रश्न मी स्वतः कितीतरी वेळा लोकांना विचारला होता. मी म्हणाले, विचारू नका. ते म्हणाले, का? तुला काय ठाऊक आहे? मला चेक ठाऊक होते. ते सांगितले असते तर दुसऱ्याच्या फाईलमधलं फोडल्यासारखं झालं असतं. शिवाय खरं सांगायचं तर ते चेक आता मलाच खटकत होते. पैसे बायकोच्या नावाने फिरवायचे, ही युक्ती आमच्या जुन्या पत्रकांतच मी वाचली होती.

दुपारी ताईंना घरमालकांचा फोन आला. आम्ही दोघी सरावलीला गेलो.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. नव्या हॉलच्या कोपऱ्यात शिलाई मशीन होतं आणि त्याच्या बाजूला, खास बनवून घेतलेल्या कपाटात, ब्लाउजच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या.

"आकडा खरा हाय, तक्रार नाय," घरमालक म्हणाले. "पन आमी ह्या कामाची सही केली तवा बोलणी सुरू नव्हती. आता कुनी हे पायलं, की म्हननार, कंपनीनं घर करून दिलं."

"मग आकडा लपवायचा?" मी विचारलं.

"आकडा ठेवा. घर काढा."

"आकडा खरा असेल तर भीती कसली?"

"पोरी," त्यांची बायको मशीनवरून म्हणाली, "तू पत्रकं लिवतेस म्हनं. त्यात कंच्या बाईचं नाव, पत्ता, घरातलं कॅलेंडर टाकतेस काय?"

मी फोनवरच्या मसुद्यातून हॉलचा फोटो काढला. 

मग मला सांगावं लागलं. "माझे बाबा तुमच्या युनियनचे जुने कार्यकर्ते, इथे मीटिंगांना यायचे. त्यांनी फोटो ओळखला. आकडाही वाचला. उद्या गेटवर विचारणार म्हणतात."

घरमालक खुर्चीत मागे टेकले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमी त्यांच्याकडे ज्या अविश्वासाने बघे, तीच ती नजर होती.

"तुम्ही म्हणत असाल तर मी त्यांना चेकचं सांगते," मी घरमालकांच्या बायकोला म्हणाले. "खातं तुमचं आहे एवढंच."

"नाय सांगायचं," ती म्हणाली. "पंधरा वर्सं शिवलंय मी. माजा हिशोब मी कुनाला देनार नाय, तुज्या बाबांना नाय, गेटला तर नायच. त्यांना सांग, माज्या घरातला चहा प्यालेत, तेवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळी मी बाबांना एवढाच निरोप दिला. म्हणाले, "म्हणजे पैसे कुठले ते सांगितलं नाही."

"नाही."

"तुला माहीत आहे?"

"आहे. सांगणार नाही."

"मी तुझा बाप आहे."

"ते घर तुमचं नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते गेटवर गेले. मी ऑफिसात बसून फोनकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही. हे मला घरमालकांकडून कळलं, बाबांकडून नाही. पण पुढचे सगळे आठवडे ते त्या माणसाकडे कसे बघत असतील, ते मला ठाऊक होतं. घरात ते माझ्याकडेही तसेच बघत.

पगारवाढीचा करार झाल्यावर घरमालकांनी ताईंना कळवलं की आता टाका. मजकूर मी पुन्हा लिहिला. "पालघर जिल्हा, वन बीएचके. अंदाज ५,४०,०००, प्रत्यक्ष खर्च ६,१५,००० (फ्रिज आणि पंखे वेगळे). ठरलेले दिवस ४५, लागलेले ६३. जास्तीचे पैसे आणि अकरा दिवस बाथरूमच्या गळतीमुळे, सात दिवस किचनच्या दारांसाठी. घर कुणाचं, कुठलं ते घरमालकांच्या इच्छेने दिलेलं नाही." फोटो फक्त किचनचे, आधीचा आणि नंतरचा. खिडकी कापली. ताईंनी वाचून एकच बदल सुचवला: 'इच्छेने'च्या आधी 'लेखी' घाला.

बाबांनी तो फोनवर वाचला. बराच वेळ.

"आकडा खरा आहे?"

"बिलं पाहिलीत मी."

"घर कुणाचं?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

"सांगता येणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "'कुठलं'नंतर स्वल्पविराम राहिलाय."