ताईच्या नंतर कोण?

वकीलबाईंसमोर अण्णांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "घर, ठेवी, सगळं ताईच्या नावावर करा. ती धाकट्याला बघेल."

चाळिशीचा धाकटा ताईच्या पर्सची चेन उघडझाक करत होता. पैशाचा व्यवहार त्याला कधी कळलाच नाही.

"अण्णा, मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. माझ्यानंतर कोण?"

"ट्रस्ट करा," वकीलबाई म्हणाल्या. "पैसे त्याच्यासाठीच राहतील. ताईंसोबत एखादा तरुण विश्वस्त नेमा."

"घरात परका माणूस? माझा मुलीवर विश्वास आहे!"

"विश्वास ठेवा हो, पण मला अमर समजू नका!" ताई कावली.

"आज राहू दे." अण्णा उठले.

धाकट्याने सवयीने पाय पुढे केला. त्याच्या सँडलचा पट्टा लावायला ताई वाकली आणि तिचा गुडघा कट्‌कन वाजला.

"ऐकलंत?"

अण्णा दाराकडे गेले नाहीत; परत खुर्चीत बसले.